तरंगलांबीतल्या वाढीवरून फोटॉनचा संवेग कसा मोजला जातो

प्रश्न: कॉम्प्टन परिणामात तरंगलांबी वाढते, म्हणजे फोटॉनने इलेक्ट्रॉनला थोडी ऊर्जा दिली, एवढंच ना? मग त्यातून फोटॉनला संवेग असतो हे कसं सिद्ध होतं? आणि प्रॅक्टिकलला सीझियम-१३७ वापरून हाच प्रयोग करताना उत्तर कुठे बिघडतं?

उत्तर:

नुसत्या ऊर्जेच्या हिशेबाने हे कोडं सुटत नाही. ऊर्जेची अक्षय्यता एवढंच सांगते की फोटॉनने जेवढी गमावली तेवढी इलेक्ट्रॉनला मिळाली. किती गमावली, याबद्दल ती गप्प असते. ९० अंशांत वळलेल्या फोटॉनने एक टक्का ऊर्जा गमावली काय किंवा चाळीस टक्के गमावली काय, ताळेबंद दोन्ही वेळा जुळतो. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक कोनाला तरंगलांबीतली वाढ ठरलेली असते. हे बंधन संवेगाकडून येतं. कोन ही दिशेची गोष्ट आहे आणि ऊर्जेला दिशा नसते, त्यामुळे कोनावर अवलंबून असलेला नियम निघाला की सदिश राशी मध्ये आलीच.

सर्वसाधारण सूत्र पाठ्यपुस्तकात असतंच:

```
Δλ = (h/mc)(1 − cos θ)
```

यातल्या h/mc ची किंमत २.४३ पिकोमीटर. सूत्राची बीजगणिती सिद्धता इथे पुन्हा लिहीत नाही, कारण त्या पायऱ्यांमध्ये नेमकी हीच गोष्ट हरवते. त्यापेक्षा एकच कोन घेऊन आकडे मांडू.

आर्थर कॉम्प्टनने १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मॉलिब्डेनमचे क्ष-किरण ग्राफाइटवर सोडले होते. त्यांची तरंगलांबी ७१.१ पिकोमीटर, म्हणजे एका फोटॉनची ऊर्जा १७.४४ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट (पुढे नुसतं केईव्ही). ९० अंशांत विखुरलेल्या किरणांची तरंगलांबी २.४३ ने वाढून ७३.५ पिकोमीटर होते आणि ऊर्जा १६.८६ केईव्ही उरते. म्हणजे इलेक्ट्रॉनकडे गेलेली ऊर्जा सुमारे ०.५८ केईव्ही. इथवर फक्त ऊर्जा झाली.

आता संवेग स्वतंत्रपणे मोजू. फोटॉनचा संवेग E/c आहे असं धरा. संवेगाला c ने गुणून लिहिलं की तोही केईव्हीतच येतो आणि आकडे सोपे राहतात. आलेला फोटॉन सरळ दिशेने १७.४४ घेऊन आला, गेलेला फोटॉन काटकोनात १६.८६ घेऊन गेला. संवेग टिकायचा असेल तर इलेक्ट्रॉनला सरळ दिशेने १७.४४ आणि फोटॉनच्या उलट बाजूला १६.८६ मिळायला हवेत. या दोन घटकांची बेरीज पायथागोरसने २४.३ येते आणि इलेक्ट्रॉन मूळ दिशेशी साधारण ४४ अंश करून निघतो. इतका संवेग असलेल्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा p²/2m ने काढा: २४.३ चा वर्ग भागिले दोन गुणिले ५११ (इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा ५११ केईव्ही असते). उत्तर येतं ०.५८ केईव्ही.

हा जुळलेला आकडा म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर. एक ०.५८ तरंगलांबीतल्या फरकावरून आला. दुसरा ०.५८ फोटॉनच्या संवेगावरून आला, आणि तो काढताना लागलं ते इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, जे क्ष-किरणांशी काहीही संबंध नसलेल्या प्रयोगांतून आधीच माहीत होतं. फोटॉनचा संवेग E/c नसता तर हे दोन आकडे जुळले नसते.

किती नसते जुळले, हेही पाहता येतं. फोटॉनचा संवेग E/c च्या k पट आहे असं गृहीत धरा. मग इलेक्ट्रॉनचा संवेग k पट होतो आणि त्याची गतिज ऊर्जा k² पट. त्यामुळे तरंगलांबीतली वाढही जवळजवळ k² पट होते. k अर्धा असता तर ९० अंशांवर वाढ २.४३ ऐवजी सुमारे ०.६ पिकोमीटर दिसली असती. k शून्य असता, म्हणजे प्रकाशाला ऊर्जा आहे पण संवेग नाही असं असतं, तर वाढ शून्यच आली असती, कारण मोकळ्या इलेक्ट्रॉनला संवेगाशिवाय गतिज ऊर्जा देता येत नाही. म्हणून तरंगलांबीतला फरक मोजणं म्हणजे प्रत्यक्षात k मोजणं, आणि तेही वर्गात. फरक तीन टक्क्यांच्या अचूकतेने मोजला तर k दीड टक्क्याने ठरतो.

इथे एक शंका रास्त आहे. विद्युतचुंबकीय लाटांनाही संवेग असतो, प्रारणदाब मॅक्सवेलच्या सिद्धांतातूनच निघतो. मग लाट इलेक्ट्रॉनला ढकलेल, इलेक्ट्रॉन चालू लागेल आणि डॉप्लर परिणामाने तरंगलांबी बदलेल, असं का म्हणू नये? म्हणता येतं, पण तो बदल वेगळ्याच जातीचा असतो. लाट इलेक्ट्रॉनला हळूहळू ढकलते, त्यामुळे त्याचा वेग किरणांच्या तीव्रतेवर आणि किती वेळ मारा चालला यावर ठरेल. नुकताच लाटेत सापडलेला इलेक्ट्रॉन जवळजवळ स्थिर असेल, जुना जोरात चालत असेल, आणि वर्णपटात एक स्पष्ट रेषा न दिसता मूळ रेषेपासून सुरू होणारा पसारा दिसेल. प्रयोगात तीव्रता वाढवली की गणना वाढते, रेषेची जागा हलत नाही. शिवाय डॉप्लर परिणामात बदल मूळ तरंगलांबीच्या प्रमाणात असतो, कॉम्प्टनचा बदल मात्र कुठल्याही क्ष-किरणाला पिकोमीटरमध्ये तेवढाच असतो. दृश्य प्रकाशात तो का दिसत नाही, याचंही कारण हेच: ५०० नॅनोमीटरमध्ये २.४ पिकोमीटर म्हणजे लाखात अर्धा भाग, आणि तिथे इलेक्ट्रॉनला मिळू शकणारी ऊर्जा इतकी क्षुल्लक असते की अणूशी बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा मानताच येत नाही.

बांधलेल्या इलेक्ट्रॉनचा मुद्दा निघालाच आहे, तर जागेवरून न हललेल्या रेषेबद्दल. ग्राफाइटमधून येणाऱ्या वर्णपटात दोन शिखरं असतात, एक सरकलेलं आणि एक मूळ जागीच. अनेक विद्यार्थी न हललेल्या शिखराला उपकरणाचा दोष समजतात. तो दोष नाही. इलेक्ट्रॉन अणूतून सुटला नाही तर धक्का अख्खा अणू झेलतो. कार्बनचा अणू इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे २२,००० पट जड आहे, त्यामुळे सूत्रातल्या m च्या जागी ते वस्तुमान घातलं की ९० अंशांवरचा बदल ०.०००१ पिकोमीटर इतका राहतो, म्हणजे स्फटिकाच्या मदतीने तरंगलांबी मोजणाऱ्या कुठल्याही स्फटिकमापीला न दिसणारा. दोन्ही शिखरं संवेगाचाच नियम पाळतात, फक्त धक्का झेलणारा वेगळा.

कोणतं शिखर किती उंच, हेही यातूनच समजतं. कार्बनच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन सोडवायला ०.२८ केईव्ही लागतात. ९० अंशांवर ०.५८ मिळतात, तेव्हा तो सुटू शकतो. ४५ अंशांवर मात्र मोकळ्या इलेक्ट्रॉनलाही फक्त ०.१७ केईव्ही मिळाले असते, म्हणजे आतले इलेक्ट्रॉन सुटणं अवघड होतं आणि न हललेलं शिखर तुलनेने वर येतं. जड मूलद्रव्य घेतलं की घट्ट बांधलेल्या इलेक्ट्रॉनांचा वाटा वाढतो आणि सरकलेलं शिखर खुजं होत जातं. म्हणूनच विखुरणारा पदार्थ हलका निवडायचा. सरकलेलं शिखर मूळ रेषेपेक्षा रुंदही असतं, कारण अणूतले इलेक्ट्रॉन आधीपासून फिरत असतात आणि त्यांचा स्वतःचा संवेग हिशेबात मिसळतो. त्या रुंदीवरून पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांच्या संवेगाचं वाटप काढण्याची स्वतंत्र पद्धतच आहे.

स्फटिकमापीवर हे किती नाजूक असतं याची कल्पना यावी म्हणून: कॅल्साइटच्या स्फटिकावर ७१.१ पिकोमीटरची रेषा ६.७२ अंशांवर परावर्तित होते आणि ७३.५ ची ६.९६ अंशांवर. अंतर पाव अंशाहूनही कमी. त्यात मॉलिब्डेनमची रेषा मुळात जुळी आहे, तिच्या दोन भागांत ०.४३ पिकोमीटरचं अंतर आहे, आणि ४५ अंशांवरची वाढ आहे अवघी ०.७१. फटी थोड्या रुंद झाल्या की ४५ अंशांवर सगळं एकमेकांत मिसळतं, आणि फटी अरुंद केल्या की आधीच क्षीण असलेली विखुरलेली किरणं आणखी क्षीण होतात. हाताशी असा मापी असेल तर ९० आणि १३५ अंशांवरच वेळ घालवा.

आता तुमचं प्रॅक्टिकल. सीझियम-१३७ चा गॅमा किरण ६६१.७ केईव्हीचा आहे, इलेक्ट्रॉनच्या स्थिर ऊर्जेहून जास्त. त्यामुळे बदल टक्क्यांत न राहता निम्म्याहून अधिक होतो आणि सोडियम आयोडाइडच्या साध्या डिटेक्टरलाही सहज दिसतो. किंमत एवढीच की p²/2m इथे चालत नाही. ९० अंशांवर इलेक्ट्रॉनला ३७३ केईव्ही मिळतात, साध्या सूत्राने ५१० येतील. सापेक्षतेचंच सूत्र वापरायला हवं. ॲल्युमिनियमची कांडी विखुरणारा म्हणून ठेवतात आणि तिचे सगळेच इलेक्ट्रॉन या ऊर्जेपुढे मोकळे मानता येतात, कारण सगळ्यात घट्ट बांधलेल्याला सोडवायलाही दीड केईव्हीच्या आसपास पुरतात.

अपेक्षित ऊर्जा अशा:

```
θ       E′ (keV)    1/E′ (MeV⁻¹)
30°     564         1.77
60°     402         2.49
90°     288         3.47
120°    225         4.45
```

तरंगलांबी न काढता थेट 1/E′ चा आलेख (1 − cos θ) विरुद्ध काढा. कॉम्प्टनचं सूत्र ऊर्जेत लिहिलं की सरळ रेषा मिळते:

```
1/E′ = 1/E + (1 − cos θ)/mc²
```

रेषेचा चढ १.९६ प्रति एमईव्ही यायला हवा, त्याचा व्यस्त म्हणजे इलेक्ट्रॉनची ५११ केईव्ही स्थिर ऊर्जा. उभ्या अक्षावरचा छेद १.५१ यायला हवा, त्याचा व्यस्त म्हणजे ६६२. बहुतेक जण चढ काढून थांबतात आणि छेदाकडे पाहत नाहीत. खरं तर कोणती चूक झाली हे दोघांना एकत्र पाहिल्यावरच कळतं.

समजा कॅलिब्रेशन थेट स्रोत डिटेक्टरसमोर ठेवून केलं. तेव्हा गणना भरपूर असते, विखुरलेल्या किरणांची मात्र तुरळक. गणनेचा दर बदलला की फोटोमल्टिप्लायरचं वर्धन थोडं सरकतं. ते सरकून सगळ्या ऊर्जा दोन टक्के जास्त वाचल्या गेल्या, तर चढावरून ५२१ येतात आणि छेदावरून ६७५. दोन्ही एकाच प्रमाणात चुकले की दोष वर्धनाचा. उपाय म्हणजे कॅलिब्रेशनचे स्रोत दूर ठेवून गणनेचा दर प्रयोगाइतकाच ठेवायचा, आणि कॅलिब्रेशन सुरुवातीला व शेवटी असं दोनदा करायचं.

दुसरी चूक शून्याची. बहुचॅनेल विश्लेषकाचा शून्य चॅनेल शून्य केईव्हीला असेलच असं नाही. एकट्या ६६२ च्या शिखरावरून चॅनेल आणि ऊर्जेचं थेट गुणोत्तर घेतलं की हा दोष आत येतो. सगळ्या ऊर्जा नुसत्या ५ केईव्हीने जास्त वाचल्या गेल्या, तर छेद ६६५ म्हणजे जवळजवळ बरोबर येतो आणि चढावरून मात्र ५२७ निघतात. कारण ५ केईव्ही हे ५६४ मध्ये एक टक्काही नाहीत, पण २२५ मध्ये दोन टक्क्यांहून जास्त आहेत. रेषा तरीही सरळच दिसते, म्हणून आलेख पाहून शंका येत नाही. छेद ठीक आणि चढ बिघडलेला, अशी जोडी दिसली की कॅलिब्रेशन अपुरं आहे असं समजा. सोडियम-२२ चा ५११, बेरियम-१३३ चे ३५६ आणि ८१, सीझियमचा ६६२ असे बिंदू घेतले की आपल्या सगळ्या ऊर्जा त्यांच्या मध्ये पडतात.

तिसरी चूक कोनमापकाच्या शून्याची, आणि ती लहान कोनांवर बोचते. ४० अंशांच्या आसपास एका अंशाने E′ साडेपाच केईव्हीहून जास्त बदलते, १२० अंशांवर फक्त दीड. डिटेक्टर डावीकडे ४० आणि उजवीकडे ४० अंशांवर ठेवून दोन्ही वेळा शिखर कुठे येतं ते पाहा. शून्य एका अंशाने सरकलेलं असेल तर दोन शिखरांत सुमारे अकरा केईव्हीचा फरक पडेल. दोन्ही बाजूंची सरासरी घेतली की ही चूक बरीचशी निघून जाते. हे करताना स्रोताच्या नळीसमोर हात किंवा चेहरा येणार नाही, हे डिटेक्टर हलवण्यापूर्वीच पाहून घ्यायचं.

शिखर ओळखण्यात होणारी गफलत याहून मोठी असते. प्रत्येक कोनावर कांडी ठेवून आणि कांडी काढून, तितकाच सक्रिय वेळ, असे दोन वर्णपट घ्या आणि एकातून दुसरा वजा करा. कांडी काढल्यावरही ६६२ ला शिखर राहत असेल तर स्रोताचे किरण शिशातून पाझरताहेत. पाच सेंटीमीटर शिसंही या किरणांचा हजारात दोन इतका भाग पुढे जाऊ देतं, आणि विखुरलेली किरणं मुळातच इतकी कमी असतात की तेवढंही जाणवतं. त्याला न सरकलेली कॉम्प्टन रेषा म्हणू नका. १८४ ते २०० च्या आसपासचा रुंद उंचवटा आजूबाजूच्या वस्तूंवरून मागे फिरून आलेल्या किरणांचा असतो, आणि १२० अंशांवरच्या २२५ च्या शेजारीच तो बसतो. दोघांना वेगळं करणारी खूण एकच: कोन बदलला तरी उंचवटा जागा सोडत नाही.

कांडी जाड घेतली की गणना वाढते खरी, पण ॲल्युमिनियममध्ये या किरणांचा सरासरी मुक्त मार्ग पाच सेंटीमीटरच्या आसपास आहे. कांडी त्याच्या जवळ गेली की दोनदा विखुरलेले फोटॉन शिखराचं बूड कलंडवतात. दोन सेंटीमीटरपर्यंत ठीक. शिखराला गॉसियन आणि खाली उतरती पार्श्वभूमी बसवली, तर दोन हजार गणनांत शिखराचं केंद्र अर्ध्या केईव्हीच्या आत ठरतं. त्यामुळे अधिक गणना जमवण्यात दुपार घालवण्यापेक्षा ती कॅलिब्रेशनला द्यावी. डिटेक्टरची कार्यक्षमता ऊर्जेनुसार बदलते, पण त्याने शिखराची उंची बदलते, जागा नाही. विखुरण्याची शक्यता कोनानुसार मोजायची असेल तरच तिची दुरुस्ती लागते.

इतकं करून रेषा नीट आली, तरी एक प्रश्न उरतो. रेषा हजारो फोटॉनांची मिळून आहे. संवेग प्रत्येक धडकेत टिकतो की फक्त सरासरीत? १९२४ मध्ये बोर, क्रेमर्स आणि स्लेटर यांनी नेमका हाच पर्याय मांडला होता की अक्षय्यता केवळ सरासरीत पाळली जाते. पुढे १९२७ मध्ये श्रोडिंगरने इलेक्ट्रॉनला लाट मानून आणि प्रकाशालाही लाटच ठेवून तरंगलांबीतला हाच बदल मिळवून दाखवला. म्हणून फक्त Δλ च्या मोजणीवरून प्रकाशाचे कण सिद्ध झाले असं म्हणणं जरा घाईचं ठरतं. देवाणघेवाण होणाऱ्या संवेगाची मात्रा त्यातून ठरते, एकेका घटनेबद्दल वेगळा पुरावा लागतो. तो १९२५ मध्ये मिळाला. बोटे आणि गायगर यांनी विखुरलेला फोटॉन आणि धक्का बसलेला इलेक्ट्रॉन एकाच वेळी निघतात हे दाखवलं, तर कॉम्प्टन आणि सायमन यांनी मेघकक्षात दोघांच्या दिशा परस्परांशी जुळतात हे दाखवलं.

तुमच्या प्रयोगशाळेत दुसरा डिटेक्टर असेल तर यातला वेळेचा आणि ऊर्जेचा भाग तुम्हीही करू शकता. ॲल्युमिनियमच्या कांडीच्या जागी लहानसा प्लास्टिकचा किंवा सोडियम आयोडाइडचा सिंटिलेटर ठेवा, म्हणजे धक्का बसलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा तिथेच मोजली जाते. दोन्ही डिटेक्टरांचे स्पंद एक मायक्रोसेकंदाच्या आत आले तरच नोंद घ्या. ९० अंशांवर लहान सिंटिलेटरमध्ये ३७३ च्या आसपास आणि मुख्य डिटेक्टरमध्ये २८८ च्या आसपास अशा जोड्या जमा होतील. एकेका जोडीची बेरीज ६६२ शी ताडून पाहा, आणि कोन ६० अंश केल्यावर जोडी २६० आणि ४०२ अशी सरकते का तेही. प्लास्टिकचं कॅलिब्रेशन शिखरावर करता येत नाही, त्याला शिखरच नसतं, तिथे सीझियमची ४७७ केईव्हीची कॉम्प्टन कडा वापरावी लागते. कड्याच्या नेमक्या कुठल्या उंचीला ४७७ म्हणायचं यावर काही टक्क्यांचा फरक पडतो, तेवढी सूट बेरजेत धरा.